‘मी दाबलं होतं!’

अरे, गेममध्ये कड्यावर उडीचं बटण दाबूनही पात्र खाली पडतं म्हणतोस, पण तुझा कोड बरोबर आहे. खेळणाऱ्याचं बोट किंचित उशिरा पडतंय. गंगापूर रोडला भाच्याला माझा गेम दिला, तर त्यातलं पात्र कड्यावरून पडलं की तो ओरडायचा, ‘मामा, मी दाबलं होतं!’ फ्रेम मोजल्या. कडा सुटल्यावर तिसऱ्या फ्रेमला बटण, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेमच्या गेममध्ये 0.05 सेकंद उशीर. म्हणून कडा सुटल्यावरही 0.1 सेकंद उडी मारू दे. हा कायोटी टाइम.

इनपुट बफरिंग याच्या उलट: जमिनीला टेकण्याआधी दाबलेलं बटण तेवढाच वेळ लक्षात ठेव, टेकताच उडव.

नवखे हमखास एक विसरतात (मीही विसरलो होतो): उडी लागली की या दोन्ही वेळा मोजणारे टायमर शून्य करायचे. नाहीतर पटकन दोनदा दाबलं की हवेतच दुसरी उडी फुकट मिळते. भिंतीवरच्या उड्या नंतर बघू.