जुळलं म्हणजे बरोबर असं नाही रे

तुझं बीआरएसचं, म्हणजे कॅश बुक आणि पासबुकची शिल्लक जुळवायच्या पत्रकाचं, गणित पाहिलं. शेवटी पासबुकचे २०,०५० बरोबर आलेत, तरी सरांनी मार्क कापले म्हणून तू वैतागलायस, "जुळलं मग चुकलं कुठे" असं विचारतोयस. मीही एकेकाळी हेच म्हणत भांडलोय.

कॅश बुकची शिल्लक १८,४००. ग्राहकाने परस्पर भरलेले ३,००० तू जमा केलेस, बँक चार्जेस १५० आणि परत आलेला चेक २,२०० वजा केलेस, इथपर्यंत झकास, १९,०५०. मग भरलेला पण अजून न वटलेला ४,५०० चा चेकही तिथेच वजा करून टाकलास आणि सुधारित शिल्लक १४,५५० दाखवलीस. का? दोन्ही चेक बँकेत जमा दिसत नाहीत म्हणून?

अरे, बँकेकडे बघू नकोस, आपल्या वहीकडे बघ. स्वतःला एकच विचार, आपण काहीच लिहिलं नाही तर हा फरक आपोआप मिटेल का? ४,५०० चा चेक दोन दिवसांत वटेल, फरक गेला, म्हणजे आपली वही बरोबरच होती, तिला हात लावायचा नाही. २,२०० चा मात्र परत आलाय, तो ग्राहक पुन्हा आपला देणेकरी झालाय आणि आपली वही अजून पैसे आले म्हणतेय, हे वर्षभर थांबलास तरी मिटणार नाही. चार्जेसचंही तसंच. बँकेने चुकून आपल्या खात्यातून काढलेले ५००? चूक त्यांची, दुरुस्ती त्यांनी करायची, ते तू बीआरएसमध्येच घेतलेस, शाबास.

म्हणजे १९,०५० वरून सुरू कर, दिलेले पण बँकेत न आलेले चेक ६,००० मिळव, ४,५०० वजा, ५०० वजा, आले २०,०५०. तुझ्याही पद्धतीने तेवढेच आले कारण ४,५०० वर वजा केले काय नि खाली वजा केले काय, बेरीज सारखीच राहणार ना! जुळणी ही चूक पकडतच नाही. ती ताळेबंदात सापडते, तिथे बँक शिल्लक १९,०५० जायला हवी, तुझी १४,५५० गेली असती.

मी तर उलटं केलं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सगळे फरक थेट बीआरएसमध्ये टाकले, जुळलं म्हणून खूश झालो, कॅश बुकला हातच लावला नाही. परत आलेला एक चेक तसाच राहिला, ग्राहकाच्या खात्यावर बाकीच दिसेना म्हणून त्याच्याकडे कोणी पैसे मागितलेच नाहीत. साहेब ओरडले. आता माझी बाजू सांगायची तर मला कोणी हे वेगळं करून शिकवलंच नव्हतं, पुस्तकात नुसती मिळवा-वजा करा अशी यादी होती. पण मीही विचारलं नव्हतं, तेही खरंच.

एक अपवाद तेवढा ध्यानात ठेव. दिलेला चेक कोणी भरलाच नाही आणि मुदत संपली तर तो आता आपोआप मिटणार नाही, तेव्हा वहीत उलट नोंद करून रक्कम परत बँकेत घ्यायची आणि त्या माणसाचं देणं पुन्हा उभं करायचं. प्रश्न तोच, नुसतं थांबून मिटेल का?

४,५०० खोड आणि कॅश बुकची बाजू परत लिहून पाठव, बीआरएसचा भाग मी नंतर बघतो.