अकराव्या दिवसाची तक्रार

"गोळी सुरू करून अकरा दिवस झाले. मळमळतंय, झोप उडालीय आणि मन होतं तिथेच आहे. डोकेदुखीची गोळी तासाभरात काम करते, मग हिला इतका वेळ का? की मला ती लागूच पडत नाहीये?"

विचारणारा तिशीतला, सोबत मोठी बहीण. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यासाठी एसिटालोप्राम हे औषध दिलं होतं, पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, मग १०.

मी म्हटलं, गोळी पहिल्या दिवसापासून कामाला लागलीय. मेंदूतल्या काही पेशी एकमेकींना निरोप पोचवताना सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि मग ते परत आत ओढून घेतात. हे ओढून घेणं गोळी काही तासांतच रोखते. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत असतं, त्यामुळे मळमळ आधी जाणवते. ती बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते.

मेंदूत मात्र एक अडसर असतो. सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशी बाहेर ते किती साचलंय हे स्वतःच मोजत असतात. एकदम वाढलं की त्या आपलं काम मंदावतात, म्हणजे गोळी वाढवते आणि पेशी आवरतात. हा आतला ब्रेक सैल पडायला दोन-तीन आठवडे लागतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून मानलं जातं. त्यापुढे पेशींमधले जोड नव्याने घट्ट होणं हे आणखी सावकाश चालणारं काम. "सेरोटोनिन कमी पडलं, गोळीने भरून काढलं" असं मी सांगत नाही. तसं असतं तर तो दुसऱ्याच दिवशी बरा झाला असता.

"अस्वस्थता फार वाढली किंवा जिवाचं काही करावंसं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं," हे मी दोघांनाही बजावलं. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांत, यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. आणि पुरेशा डोसवर चार आठवड्यांनीही काहीच फरक नसेल, तर डोस किंवा औषध बदलायचा विचार डॉक्टर करतात.

तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "फरक शून्य." बहीण हसली. पूर्वी साहेबांचा "नंतर बोलू" एवढा मेसेज आला तरी त्याची रात्र जायची. परवा तसाच आला, तर हा वाचून जेवायला बसला. मला यात नवल वाटलं नाही. या औषधांनी आधी समोरच्या गोष्टीचा काळा अर्थ लावण्याची ओढ कमी होते, असं काही प्रयोगांत दिसलंय. रोजचे अनुभव थोडे कमी बोचरे होत जातात आणि मनाला ते उमगायला वेळ लागतो. घरच्यांना बहुतेकदा आधी कळतं.

नैराश्याच्या प्रश्नावलीत २७ पैकी त्याचे गुण सुरुवातीला १७ होते, सहाव्या आठवड्यात ९. "मग आता बंद करू?" त्याने लगेच विचारलं. डॉक्टरांचं उत्तर होतं: पूर्ण बरं वाटल्यावरही किमान सहा महिने, आणि मग हळूहळू कमी करत.