‘छान चाललंय’च्या पलीकडचं उत्तर कसं मिळवायचं?

*मॅडम, माझी १२ आठवड्यांची इंटर्नशिप आहे आणि आता पाचवा आठवडा सुरू आहे. सरांना दोनदा विचारलं, “माझं काम कसं चाललंय?” दोन्ही वेळा म्हणाले, “छान चाललंय.” शेवटच्या मूल्यमापनात अचानक काही निघालं तर सुधारायला वेळच राहणार नाही. मुद्दाम वेळ मागितली तर आगाऊपणा वाटेल का? आणि नेमकं काय विचारू?*

अजिबात वाटणार नाही. मात्र “कसं चाललंय” हा प्रश्न आता पुन्हा विचारू नकोस. जाता-येता विचारलेल्या या प्रश्नाला माणूस सौजन्यानेच उत्तर देतो, कारण पाच आठवड्यांचं काम तेवढ्यात आठवत नाही आणि उणीव उभ्या उभ्या सांगणं कुणालाच आवडत नाही. सरांना आठवायला दोन दिवस दे आणि बसून बोलायला वेळ माग.

त्यासाठी सहावा आठवडा योग्य आहे. नवव्या-दहाव्या आठवड्यात कळलेली चूक तू सुधारलीस, तरी सुधारणा दिसण्याइतकं काम हातात उरत नाही. निरोप साधा असू दे: “सर, या आठवड्यात माझी निम्मी इंटर्नशिप पूर्ण होते आहे. उरलेल्या काळात कामात काय सुधारायला हवं हे समजून घ्यायचं आहे. बुधवारी किंवा गुरुवारी २० मिनिटं मिळतील का? आतापर्यंतच्या कामांची एक पानाची नोंद आधी पाठवते.”

त्या पानावर तीन-चार कामं लिही. प्रत्येकापुढे, ते कुठे अडलं आणि त्यात नंतर कुणी काय बदललं, एवढंच. कॉलेजचा किंवा कंपनीचा मूल्यमापनाचा फॉर्म असेल तर कोरा मागून घे आणि सोबत ने. “हा आज भरायचा झाला तर कुठे कमी गुण द्याल?” असं विचारलं की सरांना बोलायला धागा मिळतो.

माझा सगळ्यात भरवशाचा प्रश्न मात्र वेगळा आहे: “माझ्या कामातला कोणता भाग तुम्हाला परत तपासावा लागतो?” यात स्वभावावर मत द्यायचं नसतं, आपण काय करतो ते सांगायचं असतं, म्हणून उत्तर खरं येतं.

माझ्याकडे आलेली एक विद्यार्थिनी दर शुक्रवारी विक्रीचा आठवड्याचा अहवाल करायची. मीटिंगमध्ये आपण कमी बोलतो, हीच आपली उणीव, असं तिने ठरवून टाकलं होतं. हा प्रश्न विचारल्यावर सर म्हणाले, “तुझ्या बेरजा. परत आलेला माल वजा करायला तू दोन वेळा विसरलीस. तेव्हापासून दर शुक्रवारी मी अर्धा तास त्या पुन्हा करतो.” मीटिंगमधल्या बोलण्याचा त्यांनी उल्लेखही केला नाही. त्यानंतर ती अहवाल गुरुवारी संध्याकाळी द्यायला लागली आणि खाली एक ओळ लिहायची: परतीचा माल वजा केला आहे, एकूण आकडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहिला आहे, अमुक एका नोंदीबद्दल शंका आहे. ती शंकेची जागा मला फार महत्त्वाची वाटते. कुठे बघायचं हे कळल्यामुळे सरांना सगळा अहवाल चाळावा लागत नव्हता. दोन आठवड्यांनी तिने विचारलं, “अजून तपासावं लागतं का?” पहिला अहवाल त्यांनी पूर्ण तपासला होता, दुसऱ्यात फक्त शंकेची नोंद पाहिली होती.

बोलणं सुरू असताना स्वतःची बाजू मांडायचा मोह होईल. “ते त्या दिवशी सिस्टिम बंद होती म्हणून…” एवढं जरी म्हणालीस, तरी समोरचा पुढची उणीव सांगायचं टाळतो. लिहून घे. “जरा जास्त लक्ष दे” असं मोघम आलं तर शांतपणे विचार, “गेल्या आठवड्यात कोणत्या कामात हे जाणवलं?” त्याच दिवशी दोन-तीन ओळींत, काय समजलं आणि काय बदलणार, हे सरांना लिहून पाठव. तुझी समजूत चुकली असेल तर ते तिथेच दुरुस्त करतील. बदलायच्या गोष्टी दोनच निवड. पाच निवडल्यास तर एकही सरांच्या डोळ्यांत भरणार नाही.

आणि एवढं करूनही “सगळं छान आहे” हेच ऐकू आलं, तर तुझं काम पुढे ज्याच्याकडे जातं त्या सहकाऱ्याला तोच प्रश्न विचार. फाइल उघडल्यावर आधी काय दुरुस्त करावं लागतं, हे त्याला सरांपेक्षा नेमकं माहीत असतं.

पुढे नोकरी मिळेल का, हे या २० मिनिटांत काढू नकोस. तो निर्णय बहुतेकदा सरांच्या एकट्याच्या हातात नसतो. तो विषय निघाला की ते जपून बोलू लागतील आणि तुझ्या उणिवांचं बोलणं तिथेच थांबेल. त्यासाठी दहाव्या आठवड्यात वेगळी वेळ माग.