स्लोवाकवरून चेक अनुवाद: सारख्या दिसणाऱ्या शब्दांपासून जपा

चेक आणि स्लोवाक माणसं एकमेकांशी आपापल्या भाषेत बोलतात, म्हणून अनुवाद सोपा असेल असं धरून चालू नका. 1992 अखेरपर्यंत देश एकच होता, त्यामुळे जुन्या पिढीला दोन्ही भाषा कानावरून ठाऊक होत्या. आज तरुण चेक मंडळी स्लोवाकमध्ये जास्त अडखळतात, उलट दिशेने अडचण कमी येते.

खरा घोळ सारख्या दिसणाऱ्या शब्दांत होतो. स्लोवाक 'कापुस्ता' म्हणजे साधी कोबी. चेकमध्ये 'कापुस्ता' म्हणजे सुरकुतलेल्या पानांची सॅव्हॉय कोबी, आणि साध्या कोबीला 'झेली' म्हणतात. पाककृतीत तो शब्द तसाच ठेवला, तर वाचक चुकीची भाजी आणेल. वाक्य व्याकरणशुद्ध असल्याने स्पेलचेकर गप्पच! तसंच 'खुदी' स्लोवाकमध्ये सडपातळ, चेकमध्ये गरीब. 'स्तावका' स्लोवाकमध्ये पैज, चेकमध्ये संप.

म्हणून न बदलता उतरलेला प्रत्येक शब्द चेकच्या एकभाषिक कोशात तपासा. शेवटी फक्त संवाद वाचा. चेकमध्ये हाक मारताना नावाचं रूप बदलतं, स्लोवाकमध्ये सहसा नाही. नाव मूळ रूपातच राहिलं असेल, तर अनुवाद लगेच पकडला जातो.