निबंधात परिणामवादी आणि कर्तव्यवादी दोन्ही मुद्दे वापरले, तर सरांनी 'विसंगत' असा शेरा मारला. दोन्ही बाजू मांडणं चूक आहे का?

मांडा की खुशाल. फक्त तुमचा निष्कर्ष नक्की कशावर उभा आहे, ते एकदा ठरलं की शेवटपर्यंत बदलू नका. तुमचे सर मला भले वाटतात, कारण माझ्या वाट्याला बरोब्बर उलटे आले होते.

एम.ए.ला आम्हाला विषय होता, किडनी विकायला कायद्याने परवानगी असावी का. मी परिणामांच्या बाजूने लिहिलं. चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांची पाहणी २००२ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आली होती, तीच आधाराला घेतली. त्यातल्या ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. नंतर कुटुंबाचं सरासरी उत्पन्न तिसऱ्या हिश्शाने घटलं आणि ८६ टक्के लोकांनी तब्येत खालावल्याचं सांगितलं. म्हणजे विकणारा कर्जातून सुटत नाही, वर कमावण्याची ताकदही गमावून बसतो. म्हणून बंदी योग्य, असं मी लिहिलं. आणि पुढे हेही लिहिलं की विकणाऱ्याची तब्येत आणि मिळकत दोन्ही शाबूत राहतील अशी व्यवस्था कुणी उभी केली, तर माझा विरोध टिकणार नाही. इराणमध्ये १९८८ पासून मोबदला देऊन किडनी घेण्याची कायदेशीर पद्धत आहे, तेव्हा तिथल्या विकणाऱ्यांचं काय झालं ते आधी पाहावं लागेल.

पेपर परत आला तो लाल शेऱ्यासह : "एकांगी. मानवी प्रतिष्ठेचं काय?" गुणही कापलेले. मी स्टाफरूममध्ये भांडायला गेलो. सर म्हणाले, "अरे, शेवटी कांटचा एक परिच्छेद टाकला असतास तर समतोल आला असता." पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसा कांट!

आता तो परिच्छेद खरंच टाकून बघा. कांटच्या मते माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. म्हणून शरीराचा भाग विकणंच गैर. ठीक. पण मग विकणाऱ्याचं उत्पन्न दुप्पट झालं तरी ते गैरच राहणार. म्हणजे एक परिच्छेद सांगतो, आकडे बदलले तर माझं मत बदलेल; पुढचा सांगतो, आकडे काहीही येवोत, मत तेच. एकाच लेखकाची ही दोन्ही म्हणणी खरी कशी असतील?

तुमचा निबंध याच कसोटीला लावा. त्यातले सगळे आकडे उलटे करा आणि निष्कर्ष पुन्हा वाचा. तो डगमगला तर तुम्ही परिणामवादी आहात. ढिम्म हलला नाही तर कर्तव्यवादी आहात, आणि मग आकड्यांना पुरावा म्हणून तिथे काम नाही. एक अपवाद मात्र आहे. तो ९६ टक्क्यांचा आकडा कर्तव्यवाद्यालाही वापरता येतो, पण वेगळ्या कामाला : सावकार दारात बसलेला असताना दिलेली संमती ही संमती म्हणावी का, हे विचारायला. उत्पन्न घटल्याचा आकडा त्याच्या काहीच उपयोगाचा नाही.

कर्तव्याची बाजू घेतलीत तर तिचीही किंमत मोजा. बहिणीला किडनी दिलेली चालते आणि विकलेली चालत नाही, हे कशाच्या आधारावर? स्वतः कांटने १७९७ मध्ये दुसऱ्याला बसवण्यासाठी दात देणं आणि विकणं, दोन्ही अंशतः आत्महत्येत धरलंय. इथे बहुतेक जण गडबडून "पण दानाने जीव वाचतो" असं लिहितात, आणि विसंगती आत शिरते ती नेमकी याच वाक्यातून. तुमच्याही निबंधात असंच एखादं वाक्य सापडेल, शोधा. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने विक्रीवर बंदी आहे, हे लिहूनही सुटका नाही. कायदा असा का असावा, हाच तर प्रश्न आहे.

यूपीएससीच्या जीएस-४ साठी विचारत असाल तर हे सगळं जरा सैल धरा. तिथे केस स्टडीत वेगवेगळे पर्याय तपासून निर्णय द्यायचा असतो, त्यामुळे दोन्ही दृष्टी आल्याच पाहिजेत. निर्णयाचं कारण तेवढं एका जागचं ठेवा.

आणि दोन्हींचं वजन करूनच निष्कर्ष काढायचा असेल तर डब्ल्यू. डी. रॉस आहे. वचन पाळणं, इजा न करणं, दुसऱ्याचं भलं करणं, ही सगळी त्याच्याकडे कर्तव्यंच. ती एकमेकांना भिडली की त्या प्रसंगात कुठलं जड ते ठरवायचं. ही एकच चौकट झाली, मात्र ती पहिल्या परिच्छेदातच जाहीर करावी लागते. आमच्या सरांनी त्या दिवशी रॉसचं नाव काढलं असतं, तर मी गुमान परत आलो असतो. ते 'समतोल' म्हणाले.