गुणा नाच्या का होतो

"आई, काल नटरंग बघितला. गुणा एवढा पैलवान गडी, मग तो बाईसारखा का नाचतो? नाचायला बायका आहेत की तिथे!"

बाळा, रात्री दीड वाजता मेसेज, म्हणजे पिक्चर शेवटपर्यंत बघितलास, बरं झालं.

तमाशात बायका यायच्या आधी बाईचं सोंग पोरंच घ्यायची, तो नाच्या. पुढे पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा गाजली, तशा अजून बायका आल्या, पण नाच्या काही गेला नाही, कारण त्याचं काम नुसतं नाचायचं नव्हतंच.

ते कळायला गाण्यांचा क्रम बघ. आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण, त्यात राधा आणि सख्या दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात आणि कृष्ण नि पेंद्या वाट अडवून बसतात (म्हणूनच 'कशी मी जाऊ मथुरेच्या बाजारी'). या पोरींबरोबर एक फटकळ मावशी असते, ती पुरुषच करतो, आणि तिची नि कृष्णाची जी जुगलबंदी चालते ना, त्याच्यावर पब्लिक शिट्ट्या मारतं. नाच्याची खरी जागा ही. कमरेला झोका, बोटांची अदा, आणि जीभ सुरीसारखी. मग लावण्या, आणि शेवटी वग, म्हणजे नाटक, त्यात राजा असतो. गुणाला राजा व्हायचं होतं गं! नाच्याशिवाय फड उभा राहत नाही म्हणून पैलवानी अंग उतरवून तो नाच्या होतो, आणि गावाच्या डोळ्यातून उतरतो. 'बाईसारखा का' याचं उत्तर हेच, फड चालवायचा होता.

आता परत बघशील तेव्हा हिरॉईनच्या तोंडाकडे नको, ढोलकीकडे लक्ष दे. ढोलकीचं एक तोंड टणटणीत वाजतं, दुसरं घुमतं, आणि नाचणारीच्या पायातले चाळ त्याला उत्तर देतात, ढोलकीवाला तुकडा टाकतो, ती पायाने तोच परत करते. कॅमेरा सारखा चेहऱ्यावर गेला आणि पाय कापले की अर्धी लावणी गेली असं मला वाटतं, नव्या पिक्चरमध्ये हे फार होतं, नटरंगमध्येही होतं थोडं. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' लाव, त्यात 'बुगडी माझी सांडली गं' आहे, जयश्री गडकर. ब्लॅक अँड व्हाईट म्हणून नाक मुरडू नकोस.

मग पिंजरा, १९७२ चा, व्ही. शांताराम. तिथे उलटं आहे, तमाशाला नावं ठेवणारे गुरुजीच शेवटी फडात जाऊन पोचतात, हातात तुणतुणं. एकच तार असते त्याला, मागे उभं राहून नुसता सूर धरायचा. संध्या पुढे नाचतेय आणि गुरुजी झालेले डॉ. लागू मागे उभे, तेव्हा त्यांचे डोळे बघ.

आणि रात्री दीडला जागत जाऊ नकोस.

आई