मास डिफेक्टमधली तूट

"मास डिफेक्टला 'वस्तुमान दोष' म्हणायचं की 'वस्तुमान तूट'? आणि बंधनऊर्जा म्हणजे केंद्रकात साठलेली ऊर्जाच ना?"

दोष तर अजिबात नको! डिफेक्ट आलाय लॅटिनमधल्या 'कमी पडणे' वरून, बजेटमधलं डेफिसिट त्याचंच सख्खं भावंड. कुणी 'क्षती' सुचवतात, पण क्षती म्हणजे इजा, आणि इथे कुणाला लागलेलं नाहीये. 'तूट'च बरोबर, आणि का ते बघा. तूट, त्रुटी, तुटणे, सगळे एकाच त्रुट् धातूचे. गंमत अशी की वस्तुमानातली ही तूट येते प्रोटॉन-न्यूट्रॉन हे कण जुळून केंद्रक होताना, आणि ते केंद्रक पुन्हा तुटायला हवं असेल तर तेवढीच तूट बाहेरून भरून द्यावी लागते. त्या भरपाईचं नाव बंधनऊर्जा. म्हणजे हा शब्द 'बंधनात असलेली ऊर्जा' असा सोडवायचाच नाही, बंधन सोडवायला लागणारी ऊर्जा असा सोडवायचा. केंद्रकाकडे ती साठलेली नसते, ती केव्हाच बाहेर गेलेली असते! 'साठलेली' ऐकलं की माझं डोकं फिरतं.

हेलियम-४ घ्या. दोन प्रोटॉन (१.००७२८ यू चा एक) आणि दोन न्यूट्रॉन (१.००८६६ चा एक) सुटे मोजले तर ४.०३१८८ यू, पण तयार केंद्रक भरतं ४.००१५१ च. तूट ०.०३०३७, एक यू म्हणजे ९३१.५ एमईव्ही ऊर्जा, म्हणून तिला ९३१.५ ने गुणलं की २८.३ एमईव्ही, चार कणांत वाटली तर दर कणामागे साधारण ७.१.

भाचीचं उत्तर आलं २७.३, आणि ती म्हणे पुस्तकात चूक आहे. वही बघितली तर तक्त्यातलं ४.००२६० घेतलेलं, ते अख्ख्या अणूचं, दोन इलेक्ट्रॉनसकट, आणि वजाबाकी मात्र नुसत्या प्रोटॉनच्या बेरजेतून. एक इलेक्ट्रॉन म्हणजे जवळपास अर्धा एमईव्ही, त्यामुळे उत्तर बरोब्बर एकाने कमी आलं की समजायचं काय झालंय ते. अणूचं वस्तुमान घ्यायचं तर प्रोटॉनऐवजी हायड्रोजनचा अणू (१.००७८३) घ्या, इलेक्ट्रॉन दोन्हीकडे सारखे होऊन कटतात.

हां, ऊर्जा मग सुटते कुठून, हे राहिलंच की. तूट वाढली की. युरेनियम-२३५ मध्ये बंधनऊर्जा दर कणामागे ७.६ एमईव्ही आहे, फुटून झालेल्या मधल्या आकाराच्या तुकड्यांत साधारण ८.५, हा ०.९ चा फरक सव्वादोनशेच्या वर कणांवर धरला की ढोबळ २०० एमईव्ही. फ्यूजनमध्ये ड्युटेरियम आणि ट्रिटियम जुळून हेलियम आणि एक सुटा न्यूट्रॉन होतो, तिथेही हिशोब तोच, फक्त इथे एकूण आकडे घ्या: ड्युटेरियमची बंधनऊर्जा २.२, ट्रिटियमची ८.५, हेलियमची २८.३ (सुट्या न्यूट्रॉनची शून्य), म्हणजे बाहेर पडले १७.६, त्यातले १४ च्या आसपास तो सुटा न्यूट्रॉनच घेऊन जातो.